माफीनाम्यातला ‘तर’

पेणच्या एसटी स्टँडबाहेर किंवा रोह्याच्या बाजारपेठेत पाच मिनिटं उभं राहिलं तरी फ्लेक्सवरची सगळी मराठी वाचून होते. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, भव्य सेल. माफीचा फ्लेक्स क्वचित लागतो. लागला तर त्यावरचं वाक्य मात्र ठरलेलं असतं: ‘आमच्या जाहिरातीमुळे कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर आम्ही दिलगीर आहोत.’ हे वाक्य इतकं रुळलेलं आहे की कोणाला ते रचावं लागत नाही, डीटीपीवाला विचारल्याशिवाय टाइप करून देतो.

हे वाक्य एकदा उकलून पाहण्यासारखं आहे. ‘आमच्या जाहिरातीमुळे’ म्हणजे जे झालं ते जाहिरातीने केलं, आम्ही बाजूला उभे होतो. ‘कोणाच्या’ म्हणजे नेमके कोण दुखावले हे आम्हाला ठाऊक नाही, किंवा त्यांचं नाव घ्यायचं नाही. ‘दुखावल्या गेल्या’ या कर्मणी रचनेत दुखावणाराच नाहीसा होतो. ‘असतील तर’ने सगळ्या घटनेवरच प्रश्नचिन्ह लागतं. आणि ‘दिलगीर’ हा शब्द वाईट वाटण्याचा आहे. शेजारच्याच्या घरी चोरी झाली तरी आपण दिलगीर होऊ शकतो. एवढं मोठं वाक्य, पण त्यात चूक करणारा नाही, चूक नाही आणि ज्याची चूक केली तोही नाही.

असा मजकूर दुरुस्त कसा करायचा ते पायरीपायरीने पाहू. आधी एक घडलेलं प्रकरण घेतो, मग आपल्या पेण-रोह्याच्या मापाचं एक उदाहरण रचून घेतो.

२०२३च्या जूनमध्ये, जागतिक पर्यावरण दिनाच्या निमित्ताने, झोमॅटो या घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपनीने एक जाहिरात काढली. आशुतोष गोवारीकरांच्या ‘लगान’ (२००१) या चित्रपटात कचरा नावाचं एक दलित पात्र आहे. गाव ज्याला शिवत नाही आणि ज्याच्या वाकड्या हाताच्या फिरकीवर सामना फिरतो, तो कचरा. ती भूमिका करणाऱ्या आदित्य लाखिया यांनाच कंपनीने जाहिरातीत घेतलं आणि त्यांना टेबल, दिवा, कागद, कुंडी अशा वस्तूंच्या जागी बसवलं. कल्पना अशी, की या वस्तू अमुक किलो कचऱ्यापासून बनल्या आहेत. नावावरची कोटी. दिग्दर्शक नीरज घेवान यांनी जाहीरपणे आक्षेप घेतला. चित्रपटात आधीच मुकं आणि माणूसपण हिरावलेलं असं ते पात्र होतं, जाहिरातीने ते आणखी खाली नेलं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. चौफेर टीका झाली, काही दिवसांत जाहिरात उतरवली गेली आणि राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीसही काढली.

जाहिरात उतरवताना कंपनीने तीन वाक्यांचं इंग्रजी निवेदन दिलं. त्याचा आशय मराठीत असा: पर्यावरण दिनी प्लॅस्टिक कचऱ्याच्या पुनर्वापराविषयी विनोदी पद्धतीने जागृती करावी, हा आमचा हेतू होता. तसं करताना अनवधानाने आम्ही काही समाजांच्या आणि व्यक्तींच्या भावना दुखावल्या असू शकतात. आम्ही तो व्हिडिओ काढून टाकला आहे.

पुन्हा वाचून पाहा. यात ‘माफी’ हा शब्दच नाही. साधा ‘सॉरी’सुद्धा नाही.

त्या तीन वाक्यांचा क्रमही बघण्यासारखा आहे. पहिलं वाक्य हेतूचं. ज्याला मार लागला आहे त्याच्यासमोर जाऊन आपण आधी स्वतःच्या चांगुलपणाचा दाखला देतो. दुसऱ्यात चूक येते, पण ‘अनवधानाने’, ‘असू शकतात’ आणि ‘काही समाजांच्या’ अशा तीन गाद्यांवर ठेवून येते. तिसऱ्यात कृती आहे आणि ते वाक्य खरं आहे, त्यामुळे तिन्हींत तेवढंच टिकतं. दुरुस्ती करायला बसलो की मी शब्द बदलण्याआधी क्रम बदलतो. चूक पहिली, माफी दुसरी, केलेली कृती तिसरी. हेतूसाठी चौथी जागा ठेवायची, आणि शक्यतो ती रिकामीच ठेवायची.

हेतूवर इतका राग का, असं कोणी विचारेल. मुद्दाम केलेलं आणि नकळत झालेलं यात फरक नाही का? आहे. कायद्यातही तो धरतात. पण माफीनाम्यात हेतूचं वाक्य एक वेगळंच काम करतं. ते वाचणाऱ्याला सांगतं, की आम्ही चांगलंच करत होतो, तुम्हाला ते वेगळं दिसलं. म्हणजे दोष लिहिणाऱ्याच्या हातातून निघून वाचणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. समोरासमोर कोणी विचारलं, ‘का केलंत असं?’ तर हेतू सांगावा. न विचारता सांगितलेला हेतू सबब म्हणूनच ऐकला जातो.

याच कंपनीने त्याआधी दहा महिने, ऑगस्ट २०२२मध्ये, वेगळ्या प्रकरणात माफी मागितली होती. हृतिक रोशनच्या जाहिरातीत ‘महाकाल’हून थाळी मागवल्याचा उल्लेख होता. उज्जैनच्या महाकालेश्वर मंदिराच्या पुजाऱ्यांनी आक्षेप घेतला. त्या निवेदनात ‘मनापासून माफी’ हे शब्द होते. पण सोबत खुलासाही होता, की उल्लेख महाकाल नावाच्या उपाहारगृहाचा आहे, देवळाचा नाही. आता हा खुलासा वस्तुस्थितीचा होता आणि तो देणं रास्तच. फक्त जुन्या वर्तमानपत्रांत ‘जाहीर खुलासा’ आणि ‘जाहीर माफी’ अशा दोन वेगवेगळ्या चौकटी छापून येत, त्या वेगळ्या ठेवण्यामागे शहाणपण होतं. खुलासा म्हणजे ‘तुम्हाला चुकीचं कळलं’. माफी म्हणजे ‘आम्ही चुकीचं केलं’. दोन्ही एका चौकटीत कोंबले की दुसऱ्यावर पहिल्याची सावली पडते.

त्यामुळे लेखणी उचलण्याआधी एक प्रश्न सोडवून घ्यावा लागतो: इथे खरोखर चूक आहे का? ऑक्टोबर २०२०मध्ये तनिष्कने एक जाहिरात मागे घेतली. त्यात मुस्लिम घरातल्या हिंदू सुनेच्या डोहाळजेवणाचा प्रसंग होता. कंपनीच्या निवेदनात खेद होता आणि कर्मचाऱ्यांच्या, दुकानांतल्या माणसांच्या सुरक्षिततेचं कारण होतं. माझ्या मते त्या जाहिरातीत कोणाचाही अपमान नव्हता, त्यामुळे माफी मागण्यासारखं काही नव्हतं. भीतीपोटी मागे घेणं समजू शकतं, पण त्याला माफीचा वेष चढवू नये. राग आला एवढ्याने चूक ठरत नाही. जाहिरातीने एखाद्या समाजाला खाली ढकललं का, हे बघायचं. जाहिरात क्षेत्राने स्वतःसाठी १९८५मध्ये स्थापन केलेल्या, मुंबईतल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाच्या संहितेतही जात, वंश, पंथ, लिंग यांवरून कोणाची हेटाळणी करू नये असं कलम आहे. कसोटी हेटाळणीची आहे, रागाची नाही.

कचऱ्याच्या जाहिरातीला ही कसोटी लावली तर उत्तर सरळ आहे. मग ते निवेदन नव्याने कसं लिहिलं असतं? माझा मसुदा असा झाला असता:

‘पर्यावरण दिनाच्या जाहिरातीत आम्ही “लगान”मधल्या कचरा या दलित पात्राला टेबल, दिवा, कागद अशा निर्जीव वस्तूंच्या जागी बसवलं आणि त्याच्या नावावर विनोद केला. ज्या समाजाला जातीने घाणीच्या कामाशी बांधून ठेवलं, त्या समाजाच्या माणसाची आम्ही वस्तू केली. हा अपमान आहे आणि तो आम्ही केला. आम्ही दलित समाजाची माफी मागतो. जाहिरात सर्व ठिकाणांहून काढली आहे.’

यात तीन गोष्टी बदलल्या. ‘भावना दुखावल्या’च्या जागी ‘अपमान केला’ आलं. भावना समोरच्याच्या असतात, अपमान आपला असतो. वाक्याचा कर्ता ‘आम्ही’ झाला. आणि ‘काही समाज’ जाऊन त्या समाजाचं नाव आलं. नाव न घेता माफी मागणं म्हणजे पाकिटावर पत्ता न लिहिता पत्र पेटीत टाकणं.

शेवटचं वाक्य मात्र मला लिहिता आलं नाही. ‘यापुढे आम्ही असं करू’ हे वाक्य. ते मसुदा लिहिणाऱ्याचं नसतंच. जाहिरात मंजूर करताना कोण बसलं होतं, त्यांच्यातल्या कोणाला ‘कचरा’ हे नाव टोचलं नाही का, आणि पुढच्या वेळी टोचेल असं कोण बसणार, हे कंपनीलाच ठरवावं लागतं. ते ठरलं नसेल तर ती ओळ सोडून द्यावी. ‘यापुढे काळजी घेऊ’ लिहून रकाना भरू नये.

आता घरचं उदाहरण. हे मी रचलेलं आहे, पण अगदी अशक्य नाही.

समजा, पेण आणि रोहा अशी दोन ठिकाणी दुकानं असलेला एक मोबाईलवाला आहे. दिवाळीला त्याने फ्लेक्स लावले आणि एक छोटा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवला. त्यात ठळक ओळ: ‘कातकऱ्यालाही परवडेल असा स्मार्टफोन!’ दोन दिवसांत वाडीवरच्या शिकलेल्या पोरांनी दुकानात येऊन जाब विचारला. एका संघटनेने तहसीलदारांकडे निवेदन दिलं. शेठजी गोंधळले. त्यांनी फ्लेक्स उतरवले आणि रात्री बसून एक मजकूर लिहिला:

‘आमच्या दिवाळी ऑफरच्या जाहिरातीतील एका वाक्याचा काही जणांनी चुकीचा अर्थ काढला. मोबाईल किती स्वस्त आहे एवढेच सांगण्याचा आमचा हेतू होता. आमच्याकडे सर्व समाजाचे ग्राहक येतात व आम्ही सर्वांचा आदर करतो. तरीही कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर आम्ही दिलगीर आहोत. – व्यवस्थापन.’

हा मजकूर घेऊन ते एखाद्या लिहिणाऱ्याकडे आले, तर त्याने लगेच खोडाखोड सुरू करू नये. आधी शेठजींना आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगता येते का, ते पाहावं. बहुतेक वेळा येत नाही, आणि सगळ्या सबबी तिथूनच निघतात. शेठजी म्हणतील, ‘अहो, मी स्वस्त म्हणालो, कातकऱ्याला शिवी कुठे दिली?’ ते खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच दिसलेलं नसतं.

दाखवायचं ते ‘ही’ या एका अक्षराचं काम. ‘कातकऱ्याला परवडेल’ आणि ‘कातकऱ्यालाही परवडेल’ यांत फरक केवढा, तर त्या ‘ही’एवढा. हा ‘ही’ सांगतो की सगळ्यांत खालची पायरी कोणती ते आपल्याला माहीतच आहे. एकदा त्या जागी दुसरं नाव घालून वाचायला सांगावं: ‘पेणच्या दुकानदारालाही कळेल इतका सोपा फोन.’ शेठजी एक तर हसतील, नाही तर गप्प होतील. दोन्हींचा अर्थ एकच, समजलं.

त्यापुढे माहिती काढायची. पोलिसी थाटात नव्हे, पण नेमकी. ओळ कोणी सुचवली? कोणी वाचली? फ्लेक्स किती आणि कुठे लागले, कधी उतरले? व्हिडिओ कोणकोणत्या ग्रुपवर गेला? गेलेला व्हिडिओ परत आणता येत नाही, पण आपल्याकडून काढला का? ही उत्तरं कागदावर उतरल्याशिवाय मसुदा सुरू करू नये. पोकळ वाक्यं माहितीच्या अभावातून येतात. ‘उचित कार्यवाही करण्यात आली आहे’ असं लिहावं लागतं ते नेमकी काय कार्यवाही झाली हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसल्यामुळे.

मग शेठजींचा मजकूर एकेक वाक्य करत घ्यायचा.

‘काही जणांनी चुकीचा अर्थ काढला’ हे वाक्य मुळासकट काढायचं. अर्थ बरोबर काढला होता. हे वाक्य राहिलं तर बाकी सगळं सोन्याचं असलं तरी कोणी पुढे वाचणार नाही.

‘हेतू’चं वाक्य काढायचं. कारण वर आलंच आहे.

‘सर्व समाजाचे ग्राहक येतात’ यावर शेठजी अडून बसतील, कारण ते खरं आहे. खरं असलं तरी इथे ते साक्षीदार म्हणून उभं केलेलं आहे. ज्यांचा अपमान केला त्यांनाच आपल्या चांगुलपणाचे साक्षीदार करणं, आणि तेही ते आपल्याकडे पैसे खर्च करतात म्हणून. काढायचं.

राहिलं चौथं. त्यातून ‘तरीही’, ‘कोणाच्या’, ‘असतील तर’ आणि ‘दिलगीर’ गेलं की हातात काहीच उरत नाही. म्हणजे मजकूर दुरुस्त करण्यासारखा नव्हता, नव्यानेच लिहायला हवा होता. बरेचदा असंच होतं.

नव्या मजकुरात पहिला पेच येतो तो ती ओळ पुन्हा छापायची की नाही, हा. छापली तर अपमान दुसऱ्यांदा गावभर होतो. नाही छापली तर ‘एका वाक्याबद्दल’ असं मोघम काही तरी होतं आणि ज्याने जाहिरात पाहिली नाही त्याला काही कळत नाही. यातून वाट अशी, की शब्द सोडायचे आणि त्या शब्दांनी केलं काय ते लिहायचं: ‘आम्ही कातकरी समाजाच्या गरिबीचा विनोद केला.’ ज्याने पाहिलं त्याला ओळ आठवते. ज्याने नाही पाहिलं त्याला चूक कळते, पण चघळायला ओळ मिळत नाही.

दुसरा पेच क्रियापदाचा. शेठजींच्या तोंडी आपोआप येतं, ‘आमच्याकडून चूक झाली.’ मराठीत हे नम्र वाटतं आणि घरात बोलताना चालतंही. पण ‘झाली’ हे क्रियापद पाऊस पडावा तसं आहे, आपोआप होणारं. ‘आम्ही चूक केली’ असं म्हणताना जीभ अडखळते. ती अडखळते म्हणूनच ते म्हणायचं. ‘नजरचुकीने’चं तसंच. चार जणांनी वाचून, पैसे देऊन छापलेल्या ओळीला नजरचूक म्हणता येत नाही. ती सगळ्यांच्या नजरेखालून गेली होती.

शेवटी मजकूर असा होतो:

‘जाहीर माफी. दिवाळीच्या आमच्या मोबाईलच्या जाहिरातीत आम्ही कातकरी समाजाच्या गरिबीचा विनोद केला. माल किती स्वस्त हे सांगण्यासाठी एका समाजाला सगळ्यांत खालची पायरी म्हणून वापरलं. हा कातकरी समाजाचा अपमान आहे आणि तो आम्ही केला. छापण्याआधी तो मजकूर मी स्वतः वाचून मंजूर केला होता. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या सर्व कातकरी बंधुभगिनींची मी माफी मागतो. सर्व फ्लेक्स उतरवले आहेत, व्हिडिओ काढला आहे. यापुढे आमच्या कोणत्याही जाहिरातीत कोणत्याही समाजाचं नाव येणार नाही.’

खाली ‘व्यवस्थापन’ नाही. मालकाचं पूर्ण नाव आणि सही. व्यवस्थापन नावाचा माणूस पेणमध्ये राहत नाही. शेवटचं वचनही लहान आहे, पण कोणालाही तपासता येईल असं आहे. पुढच्या दिवाळीला रस्त्यावरून जाणारा माणूस फ्लेक्सकडे बघून सांगू शकेल, पाळलं की नाही.

इथवर आलं की दोन माणसं मसुदा बिघडवायला येतात. पहिले वकीलसाहेब. त्यांची काळजी खोटी नाही. कातकरी अनुसूचित जमातीत आहेत, महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांत त्यांची गणना होते, आणि १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यांना लागू आहे. लेखी कबुली पुराव्यात येऊ शकते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६मध्ये कायदाच केला, की मागितलेली माफी दिवाणी दाव्यात जबाबदारीचा पुरावा धरायची नाही. आपल्याकडे माफी मागणाऱ्याला असं सरसकट संरक्षण नाही. म्हणून वकीलसाहेब ‘असतील तर’ परत घालतात. त्यांच्याशी बसून एक सीमा ठरवता येते: जे सगळ्या गावाने पाहिलं तेवढंच कबूल करायचं. फ्लेक्स लागला होता, त्यावर अमुक होतं, ते मालकाने मंजूर केलं होतं, त्यात अपमान होता. मनात काय होतं, कोणतं कलम लागतं, यावर एक शब्दही लिहायचा नाही. हेतूचं वाक्य गाळल्याचा इथे आणखी एक फायदा होतो, कारण खटल्यात उलटतपासणी त्याच वाक्यावर होते. तरी धोका पूर्ण जात नाही. तक्रार झाली असेल तर माफीने ती आपोआप मिटत नाही, आणि हे शेठजींना आधीच स्पष्ट सांगावं. केस टळावी म्हणून माफी मागत असतील तर मागू नये, वकीलच करावा.

दुसरा माणूस म्हणजे शेठजींचा पुतण्या. तो म्हणतो, ‘काका, त्यापेक्षा वाडीवर ब्लँकेटं वाटू, फोटो टाकू, माफीच्या फ्लेक्सवर तोही फोटो लावू.’ सल्ला प्रेमळ आहे, पण घातक. अपमान गरिबी दाखवून केला होता. ब्लँकेट घेताना काढलेला फोटो तीच गरिबी पुन्हा दाखवतो, फक्त या वेळी दुकानदार दाता असतो. माफीच्या फ्लेक्सवर दुकानाचा लोगो, ऑफरचा नंबर, हात जोडलेला मालकाचा हसरा फोटो यांतलं काहीही नको. पांढऱ्यावर काळी अक्षरं पुरतात.

आता फ्लेक्स किती मोठा आणि कुठे? याचं उत्तर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका प्रश्नातून मिळालं. पतंजलीच्या दिशाभूल करणाऱ्या औषधी जाहिरातींचं प्रकरण होतं. त्यात समाजाच्या अपमानाचा संबंध नव्हता, पण माफीच्या आकाराचा होता. कंपनीने २२ एप्रिलला ६७ वर्तमानपत्रांत माफी छापली. न्यायमूर्ती हिमा कोहली आणि न्यायमूर्ती अहसानुद्दीन अमानुल्ला यांच्या खंडपीठाने विचारलं, की जाहिराती ज्या आकाराच्या असतात तेवढीच ही माफी आहे का? त्या सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा मोठ्या आकारात माफी छापून आली. नियम एवढाच आहे आणि फूटपट्टीने मोजता येतो: जिथे, जेवढ्या आकारात आणि जितके दिवस अपमान लागला होता तिथे, तेवढ्यात, तितकेच दिवस माफी. पेणला दहा बाय सहाचा फ्लेक्स असेल तर माफीही दहा बाय सहा. व्हिडिओ ज्या ग्रुपवर गेला त्या प्रत्येक ग्रुपवर मालकाचा आवाज. दुकानाच्या काचेवर चिकटवलेला ए-फोर कागद म्हणजे माफी झाली नाही, फक्त सोय झाली.

आणि इथे पेण-रोह्याची खास अडचण येते. फ्लेक्स वाचणार कोण? रायगडातली कातकरी कुटुंबं दिवाळी आटोपली की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात. मालकाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला घरचे सगळे, पोरांसकट, जातात. भट्टीचा हंगाम पावसाळ्याच्या तोंडाशी संपतो. म्हणजे दिवाळीच्या जाहिरातीची माफी नोव्हेंबरअखेर लागली तर वाड्या अर्ध्या ओस पडलेल्या असतात. फ्लेक्स वाचतो तो बाजारातला माणूस, म्हणजे ज्याची माफी मागायची तो सोडून बाकी सगळे. शिवाय वाडीवरच्या म्हाताऱ्यांतल्या अनेकांना लिहिलेलं वाचता येत नाही. कागदावर कितीही चोख असलेला माफीनामा त्यांच्यापर्यंत कागद म्हणून पोचतच नाही.

म्हणून मजकूर लिहितानाच तो मोठ्याने वाचायचा आहे हे धरून लिहावा लागतो. वर दिलेल्या मजकुरात वाक्यं आखूड ठेवली आहेत ती त्यासाठी. दम न लागता, कागदात डोकं न खुपसता शेठजींना तो म्हणता आला पाहिजे. मी तर म्हणेन, फ्लेक्स छपाईला देण्याआधी तो वाडीवरच्या दोन-तीन जाणत्यांना वाचून दाखवावा. संमतीसाठी नव्हे, कारण ‘आम्हाला मान्य आहे’ असं त्यांच्याकडून लिहून घेणं ही आणखी एक चलाखी होईल. फक्त एवढं विचारायला, की यात काही राहिलं का? कदाचित एखादी बाई म्हणेल, ‘गरिबीचं लिवलंय तुमी, पन त्यो इडिओ शाळंत पोरांनी आमच्या पोराला दावला, त्याचं काय?’ ते लिहिणाऱ्याला माहीतच नसतं. मग मजकुरात एक ओळ वाढते: ‘त्या व्हिडिओमुळे शाळेत मुलांना चिडवलं गेलं, त्याचीही जबाबदारी माझी आहे.’ अशी ओळ टेबलावर बसून सुचत नाही.

वाडीवर जाताना मालकाने स्वतः जावं, सोबत पुढाऱ्याला नेऊ नये. पुढारी आला की सभा होते, सभा झाली की हार येतात. वाचून झाल्यावर लगेच ‘मग विषय संपला ना, दादा?’ असंही विचारू नये. माफ करायचं की नाही हे त्यांच्याकडे सोडायचं. काही जण बोलतील, काही उठून जातील, एखादा शिवीही देईल. तिला उत्तर नाही.

आणि हे वाचन दोनदा करावं लागतं. एकदा आत्ता, जे वाडीवर आहेत त्यांच्यासमोर. दुसऱ्यांदा मेच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, भट्ट्या थंड होऊन वाडी भरल्यावर, पेरणीची घाई सुरू होण्याआधी. तोवर बाजारात सगळे विसरलेले असतात, तहसीलदारांकडचं निवेदन फायलीत गेलेलं असतं आणि शेठजींना वाटत असतं की आता कशाला जुनं उकरायचं. तारीख आधीच ठरवून दुकानाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली असेल तरच ते दुसऱ्यांदा जातात.